इन्व्हेस्टमेंट प्रूफची नोटीस काढताना काय काय बघावं लागलं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी पगाराचं काम बघते, म्हणजे हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, आणि एप्रिलमध्ये एकदा व डिसेंबर-जानेवारीत एकदा येणारं हे इन्व्हेस्टमेंट डिक्लरेशनचं प्रकरण, म्हणजे टॅक्स कमी कापावा म्हणून कर्मचाऱ्यानं आपली गुंतवणूक आधी लिहून द्यायची आणि नंतर तिचे पुरावे द्यायचे. त्याची नोटीस काढायचं काम २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून माझ्याकडे आलं. आधीची नोटीस बरीच वर्षं तीच फिरत होती, वरची तारीख बदलायची, साहेबांची सही घ्यायची आणि कँटीनच्या बाहेर बोर्डावर लावायची. पूर्ण इंग्रजीत, खाली कलमांची यादी, आणि पहिलंच वाक्य असं की सर्व कामगार-कर्मचाऱ्यांनी गुंतवणुकीचे पुरावे अमुक तारखेच्या आत जमा करावेत. मला सगळ्यात जास्त खटकला तो हा 'सर्व' शब्द.

कारण आता सगळ्यांना पुरावे द्यायची गरजच राहिलेली नाही. २०२३-२४ पासून नवीन टॅक्स रेजीम, म्हणजे दर कमी पण गुंतवणुकीच्या बहुतेक वजावटी नसलेली करप्रणाली, डिफॉल्ट झाली, आणि सीबीडीटी या केंद्राच्या प्रत्यक्ष कर मंडळाच्या ५ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे मालकानं प्रत्येक कर्मचाऱ्याला विचारायचं की तुला जुनी हवी की नवीन, त्यानं काहीच सांगितलं नाही तर नवीन धरून पगारातून टॅक्स, म्हणजे टीडीएस, कापायचा. २०२५-२६ मध्ये तर नवीन रेजीममध्ये करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे टॅक्स शून्य होतो, त्यावर पगारदाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन वेगळं, म्हणजे नुसता पगार असलेल्या माणसाला वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत काही कापायचंच नाही. आमच्याकडं मोल्डिंग, फेटलिंग, स्टोअर, मेंटेनन्स धरून बहुतेक सगळे लोक या आकड्याच्या खूप खाली आहेत.

तरीही लोक गठ्ठे घेऊन यायचेच. नोटीस लागायच्या आधीच स्टोअरमधले एक मामा प्लॅस्टिकच्या पिशवीत एलआयसीच्या पावत्या, पोराच्या कॉलेजच्या फीचे कागद, पोस्टाचं पासबुक असं सगळं घेऊन टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, सगळं आणलंय, झेरॉक्सबी काढल्यात दोन-दोन, तेवढं बघा की, टॅक्स कापू नका." त्यांचा वर्षाचा पगार साडेसहा लाखांच्या आसपास. मी त्यांना सांगितलं की मामा, तुम्ही एप्रिलमध्ये काही लिहून दिलं नाही म्हणून तुम्ही नवीन रेजीममध्ये आहात, त्यात या पावत्या धरत नाहीत आणि धरायची गरजही नाही, तुमचा टॅक्स शून्यच आहे. त्यांना पटेना. त्यांना वाटलं की कागद घेतले नाहीत म्हणजे नंतर काहीतरी कापणार. शेवटी मी त्यांना एप्रिलपासूनच्या पगाराच्या स्लिपा दाखवल्या, इन्कम टॅक्सच्या रकान्यात प्रत्येक महिन्यात शून्य, तेव्हा ते पिशवी घेऊन गेले.

म्हणून नवीन नोटिशीचं पहिलं वाक्य मी मराठीत, मोठ्या अक्षरात असं घेतलं: 'आपण एप्रिलमध्ये जुनी करप्रणाली निवडली असेल तरच खालील कागद द्यायचे आहेत. इतरांनी काहीही देऊ नये.' आणि त्याखाली जुनी निवडलेल्यांची टोकन नंबरवार यादी लावली, नावं नाही, फक्त टोकन नंबर, कारण कोण कोणत्या रेजीममध्ये आहे त्यावरून पगाराचा अंदाज बांधत बसणारे लोक असतातच.

आता तारखेचं बघू, कारण त्यावरून दरवर्षी भांडण व्हायचं. आमच्याकडं पुरावे द्यायची शेवटची तारीख १५ जानेवारी आहे आणि लोकांचा प्रश्न रास्त असतो की आर्थिक वर्ष तर ३१ मार्चला संपतं, मग पीपीएफ मी मार्चमध्ये भरला तर काय बिघडलं. बिघडत काहीच नाही. १५ जानेवारी ही सरकारची तारीख नाही, ती कंपनीची आहे. सरकारच्या तारखा वेगळ्या, महिन्याला कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत, शेवटच्या तिमाहीचं २४क्यू, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचं कंपनीनं भरायचं रिटर्न, ३१ मेपर्यंत आणि वर्षाचा पगार व कापलेला टॅक्स दाखवणारा फॉर्म १६ द्यायचा १५ जूनपर्यंत. कंपनी जानेवारी का धरते तर एप्रिल ते डिसेंबर आम्ही तुमच्या शब्दावर टॅक्स कमी कापलेला असतो, तुम्ही डिक्लरेशनमध्ये लिहिलं की मी एवढे भरणार, आम्ही धरलं. जानेवारीत पुरावा आला नाही तर तो सगळा फरक वसूल करायला जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे तीनच पगार उरतात. तारीख मार्चपर्यंत ताणली तर सगळा फरक एकाच पगारातून जाईल आणि त्या महिन्यात माणसाच्या हातात काय पडेल याचा विचार करा.

हे नुसतं सांगून कळत नाही म्हणून आमच्याच इथलं एक उदाहरण सांगते, आकडे जरा गोल केलेत. प्रॉडक्शनचे एक साहेब, वर्षाचा पगार १६ लाख, त्यात बेसिक ८ लाख आणि एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता ३ लाख २० हजार. पुण्यात त्यांचा कर्जाचा फ्लॅट आहे, तिथं आईवडील राहतात, आणि नोकरीसाठी ते इथं सांगलीत विश्रामबागला भाड्यानं राहतात, भाडं महिना १८ हजार. एप्रिलमध्ये त्यांनी जुनी रेजीम घेतली आणि डिक्लरेशनमध्ये लिहिलं: भाडं, गृहकर्जाचं व्याज २ लाख, ८०सी या कलमाखालच्या विमा-पीपीएफसारख्या गुंतवणुकीचे दीड लाख, एनपीएस या पेन्शन योजनेचे ५० हजार, स्वतःच्या कुटुंबाचा आणि आईवडिलांचा मिळून आरोग्यविम्याचा हप्ता ६० हजार.

एचआरएची सूट काढताना तीन आकडे काढायचे आणि सगळ्यात लहान असेल तो धरायचा. मिळालेला एचआरए ३ लाख २० हजार, बेसिकच्या ४० टक्के म्हणजे तेही ३ लाख २० हजार (सांगलीला ४० टक्केच, २०२५-२६ मध्ये ५० टक्के मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला), आणि तिसरा आकडा म्हणजे वर्षाचं भाडं २ लाख १६ हजार वजा बेसिकच्या १० टक्के, ८० हजार, उरले १ लाख ३६ हजार. हाच सगळ्यात लहान, म्हणून सूट एवढीच. एचआरए सव्वातीन लाख मिळतो म्हणून तेवढा माफ होईल असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं.

सगळं वजा करून, ५० हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन आणि अडीच हजारांचा प्रोफेशनल टॅक्सही काढून, करपात्र उरलं ९ लाख ५१ हजार ५००. त्यावर सेससकट टॅक्स १ लाख ६ हजार ९१२. तेच नवीन रेजीममध्ये असते तर १ लाख १३ हजार १०० झाला असता. म्हणजे जुनी घेऊन त्यांचे वर्षाला सहा हजारच वाचत होते, पण वाचत होते, आणि त्यांनी एप्रिलमध्ये हिशेब करूनच ती घेतली होती. आम्ही महिन्याला ८,९०९ रुपये कापत गेलो.

डिसेंबरात कागद आले तेव्हा बाकी सगळं व्यवस्थित. बँकेचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट होतं, त्यात व्याज वेगळं, मुद्दल वेगळं, वर बँकेचा पॅन. विम्याच्या पावत्यांवर ऑनलाइन भरल्याचा उल्लेख, कारण ८०डी या आरोग्यविम्याच्या कलमात हप्ता रोखीत भरला असेल तर धरत नाहीत. फक्त भाड्याच्या पावतीवर घरमालकाचा पॅन नव्हता. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की पुराव्यांबरोबर कर्मचारी देतो त्या फॉर्म १२बीबीमध्ये घरमालकाचं नाव, पत्ता आणि पॅन द्यावाच लागतो, आणि तो पॅन पुढं आमच्याकडून चौथ्या तिमाहीच्या २४क्यूमध्ये जातो, त्यामुळं कंपनीला 'चालतंय, राहू दे' म्हणता येत नाही. साहेब म्हणाले, मालक पॅन द्यायला तयार नाहीत, मागितलं की विषय बदलतात.

मी त्यांना भाडं काढून हिशेब करून दाखवला. १ लाख ३६ हजारांची सूट गेली की करपात्र उत्पन्न १० लाख ८७ हजार ५०० होतं, दहा लाखांच्या वरचं ३० टक्क्यांत जातं, टॅक्स होतो १ लाख ४४ हजार ३००. डिसेंबरपर्यंत साधारण ८० हजार कापून झालेले, राहिले ६४ हजार, ते तीन पगारांत म्हणजे महिन्याला २१ हजारांच्या पुढं. ८,९०९ वरून एकदम २१ हजार! आणि नवीन रेजीम आता घेतो म्हटलं तर आमच्या पेरोलमध्ये एप्रिलची निवड वर्षभरासाठी लॉक असते, मधे बदलत नाही. रिटर्न भरताना ते रेजीम बदलू शकतात, धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला ती मुभा दरवर्षी आहे, फक्त जुनी घ्यायची तर रिटर्न मुदतीत भरायला लागतं, पण जास्तीचे पैसे रिफंड म्हणून नंतर परत येतात, तोपर्यंत अडकलेच. जुनी रेजीम अशा काठावर घेतलेल्या माणसाचा एक कागद जरी राहिला तर फायदा जाऊन उलटा तोटा होतो.

त्यांच्या विनंतीवरून मी त्यांच्याबरोबर घरमालकांकडं गेले. घरमालक म्हणजे रिटायर्ड शिक्षक, खाली ते दोघं नवरा-बायको, वरच्या मजल्यावर साहेब. चहा झाला, काकू आत गेल्या, मग मी सरळच विचारलं की काका, पॅन द्यायला काय अडचण आहे. ते म्हणाले, "अहो, पॅन दिला की इन्कम टॅक्सवाले माझ्या मागं लागतील, पेन्शनवर जगणारा माणूस मी." त्यांची भीती खोटी नव्हती, भाडं त्यांनी आतापर्यंत रिटर्नमध्ये दाखवलंच नव्हतं आणि पॅन गेला की ते दिसणार. मग मी त्यांच्याच वहीवर मांडलं. भाडं २ लाख १६ हजार, त्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, ती बाजूला ठेवली तरी उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्ती केली असो नसो, म्हणजे उत्पन्नात धरायचे फार तर १ लाख ५१ हजार २००. पेन्शन आणि एफडीचं व्याज मिळून त्यांचं साडेसहा लाखांच्या आत, एकूण फार तर आठ लाखांच्या आसपास, तेही पेन्शनवरचं ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन न धरता. नवीन रेजीममध्ये १२ लाखांपर्यंत शून्य. म्हणजे भाडं दाखवलं तरी त्यांना एक रुपया भरायचा नाही, फक्त रिटर्नमध्ये एक रकाना वाढणार. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, सीएला फोन केला, आणि मग आत जाऊन पॅन कार्डची झेरॉक्स आणून दिली.

हे मी एवढं लिहिलं कारण भाड्याचा प्रश्न बहुतेक ठिकाणी इथंच अडतो, भाडेकरू आणि मालक दोघंही एकमेकांना विचारायला लाजतात आणि जानेवारी निघून जातो. म्हणून नवीन नोटिशीत मी भाड्याचा भाग वेगळ्या चौकटीत घेतला: पावती, त्यावर महिना, घराचा पत्ता, मालकाची सही, रोखीनं ५,००० च्या वर दिलं असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, वर्षाला १ लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन, आणि हे सगळं ऑक्टोबरमध्येच मागून ठेवा असं ठळक अक्षरात. मालकाचा पॅन मिळणारच नसेल तर एप्रिलमध्ये जुनी रेजीम घेण्याआधी भाडं सोडून हिशेब करून बघा, हे वाक्यही घातलं. आणि एक कडक वाक्य घातलं की खोट्या भाडेपावत्या आणि कुणीतरी एजंट सांगतो म्हणून टाकलेल्या वजावटी घेतल्या जाणार नाहीत. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं असल्या बोगस वजावटींचे क्लेम करून देणाऱ्यांवर देशभर कारवाई केली होती, ती बातमी आमच्या लोकांनीही वाचली होती, त्यामुळं यावर कुणी वाद घातला नाही.

दुसरा त्रासाचा भाग म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारे हप्ते. एलआयसीचा वार्षिक हप्ता २८ मार्चला असेल तर १५ जानेवारीला पावती कुठून आणणार? जुन्या नोटिशीत यावर एक ओळ नव्हती, मग ज्याला ओळख आहे त्याचं घेतलं जायचं आणि ज्याला नाही त्याचं कापलं जायचं, आणि मला हे अजिबात बरोबर वाटत नव्हतं. साहेबांशी बोलून नियम असा केला की त्याच पॉलिसी नंबरची गेल्या वर्षीची पावती आणि हमीपत्र १५ जानेवारीला द्यायचं, खरी पावती २० मार्चच्या आत आणायची, नाही आली तर फरक मार्चच्या पगारात कापला जाईल. हे फक्त ठरलेल्या हप्त्यांना, म्हणजे विमा, चालू असलेली एसआयपी, गृहकर्ज. 'पीपीएफमध्ये मार्चला भरीन' याला नाही, कारण तो भरेल की नाही हे त्यालाही जानेवारीत माहीत नसतं, त्यानं ३१ मार्चच्या आत भरावं आणि रिटर्नमध्ये घ्यावं, तिथं पूर्ण सूट मिळते. आमच्याकडं दिलं नाही म्हणजे सूट बुडाली, असं नसतं. आमच्याकडं फक्त टीडीएस ठरतो. अपवाद रजा प्रवास भत्त्याचा, तो आम्ही रिटर्नवर सोडत नाही, तिकिटं आमच्याकडेच द्यायला लावतो.

पावत्या तपासताना दोन गोष्टी सारख्या सापडतात म्हणून नोटिशीत घातल्या. एक, आईवडिलांच्या नावचा एलआयसीचा हप्ता ८०सीमध्ये चालत नाही, तिथं फक्त स्वतः, नवरा-बायको आणि मुलं. आईवडील चालतात ते ८०डीत, आरोग्यविम्याला. दोन, शाळेच्या फीच्या पावतीतली फक्त ट्यूशन फी धरायची, बस, डेव्हलपमेंट फी, डोनेशन धरत नाहीत, त्यामुळं एकच मोठी रक्कम लिहिलेली पावती असेल तर शाळेकडून फोड करून आणायची.

आणि नवीन लागलेल्या पोरांसाठी एक वेगळा परिच्छेद. ऑक्टोबरमध्ये क्वालिटीला एक मुलगा पुण्याहून आला, पगार वर्षाला १४ लाख, तिकडं सहा महिने झालेले. तिकडच्या कंपनीनं वर्षाचे १४ लाख धरून अर्ध्या वर्षाचा टॅक्स कापला होता, साधारण ४१ हजार. आमच्याकडं त्यानं आधीचा पगार सांगितलाच नसता तर आमचं सॉफ्टवेअर सहा महिन्यांचे ७ लाख बघून म्हणालं असतं की टॅक्स शून्य. मार्चअखेर कुणाच्याच लक्षात आलं नसतं आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना त्याला एकदम ४१ हजार आणि वर व्याज भरायला लागलं असतं, कारण पूर्ण वर्षाचा टॅक्स ८१,९०० होतो. यासाठी फॉर्म १२बी असतो, आधीच्या मालकाकडचा पगार आणि कापलेला टॅक्स त्यात लिहायचा. तो आता जॉइनिंगच्या कागदांतच घेतो. बँकेनं एफडीच्या व्याजावर टीडीएस कापला असेल आणि तो पगाराच्या टीडीएसमधून वळता करून हवा असेल तर फॉर्म १२बीएए, हा ऑक्टोबर २०२४ पासून आलाय. १२बी आणि १२बीएए हे दोन्ही नवीन रेजीमवाल्यांनाही लागतात, त्यामुळं 'इतरांनी काहीही देऊ नये' याच्या खाली हा एक अपवाद लिहावा लागला.

यंदा १५ जानेवारीला संध्याकाळपर्यंत जुनी रेजीमवाल्यांपैकी एकाचाच कागद राहिला, पुण्यातल्या एका सोसायटीचं ताबापत्र. घराचं व्याज धरायला ताबा मिळालेला असावा लागतो आणि त्यांना ताबा फेब्रुवारीत मिळणार होता. त्यांचं व्याज मी जानेवारीत धरलं नाही, त्यांना तसं लेखी कळवलं, आणि ताबापत्र २० मार्चच्या आत आलं तर मार्चच्या पगारात फरक परत धरू असं त्याच कागदावर लिहून सही घेतली. ताबा मिळायच्या आधीच्या वर्षांत भरलेलं व्याजही ताबा मिळालेल्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत घेता येतं, पण २ लाखांच्या त्याच मर्यादेत, त्यामुळं बँकेकडून आधीच्या सगळ्या वर्षांची व्याजाची सर्टिफिकेटं मागून घ्या, असंही त्यांना सांगून ठेवलंय.